पल्याडची दोन मिनिटं

पश्चिम पुणे जिल्ह्यातला धरणाचा कुठलाही तालुका घ्या, भाटघर असो, पानशेत असो की मुळशी. नकाशावर दोन गावं एकमेकांना खेटून दिसतात आणि मधे निळं पाणी असतं. अशाच एका तालुक्यात रुग्णवाहिका कुठे कुठे उभ्या ठेवायच्या, याचं गणित मांडायचं काम माझ्याकडे आलं. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ पासून आहे, त्यामुळे तालुक्यात गाड्या नव्हत्या असं नाही. त्या जिथे जागा मिळाली तिथे उभ्या होत्या. तालुका आरोग्य अधिकारी मॅडमना एकच गोष्ट हवी होती: फोन आल्यापासून ३० मिनिटांत गाडी पोचणार नाही असं एकही गाव राहू नये, आणि त्यासाठी कमीत कमी किती ठिकाणं लागतील ते कागदावर दिसावं.

अशा प्रश्नासाठी सेट कव्हरिंगचं मॉडेल जुनं आणि नेमकं आहे. १९७१ साली टोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन या चौघांनी ते तातडीच्या सेवांची ठिकाणं ठरवण्यासाठी मांडलं. मांडणी अगदी सरळ आहे. प्रत्येक संभाव्य ठिकाणासाठी एक हो-नाही: इथे गाडी ठेवायची की नाही. प्रत्येक गावासाठी एक अट: त्या गावाला वेळेत गाठू शकणाऱ्या ठिकाणांपैकी निदान एक तरी निवडलेलं असावं. आणि या सगळ्या अटी पाळून निवडलेल्या ठिकाणांची संख्या शक्य तितकी कमी. लोकसंख्या, खर्च, किती फोन येतात, यातलं काहीच त्यात नसतं. गाव आवाक्यात आहे किंवा नाही, एवढंच त्याला कळतं.

म्हणजे सगळा भार 'आवाक्यात' या एका गोष्टीवर पडतो. माझा बहुतेक वेळही तिथेच गेला.

आधीच्या एका प्रस्तावात नकाशावर कंपासने वर्तुळं काढलेली होती. वर्तुळाला पाणी दिसत नाही. तो कागद मी एका जुन्या पायलटला दाखवला (रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथे पायलटच म्हणतात), तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, हे होडीचं गणित आहे. गाडीला वळसा लागतो." मग आम्ही वर्तुळं बाजूला ठेवली आणि रस्त्याच्या मिनिटांची सारणी बनवायला घेतली. मोबाईलच्या नकाशातली वेळ सुरुवातीला उपयोगी पडली, पण ती लहान मोटारीची वेळ असते. घाटातली वळणं, बाजाराच्या दिवशीची गर्दी, ऊसतोडीच्या हंगामातल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या तिच्यात धड धरल्या जात नाहीत. म्हणून गाड्यांच्या नोंदवहीतल्या निघाल्याच्या आणि पोचल्याच्या वेळा काढल्या, आणि ज्या रस्त्यांच्या नोंदी नव्हत्या तिथे रुग्णवाहिकेतूनच जाऊन वेळ मोजली. सरासरी घेतली नाही. सरासरी घेतली तर निम्म्याच्या आसपास फेऱ्या तिच्याहून जास्त वेळ घेतात. दहातल्या नऊ फेऱ्या ज्या वेळेत होतात ती वेळ धरली.

तीस मिनिटं सगळीच्या सगळी रस्त्यासाठी मिळत नाहीत हे दुसरं. फोन उचलणं, पत्ता समजणं ("शाळेच्या मागची वाडी" हा पत्ता तीन गावांत लागू पडतो), गाडीला निरोप जाणं, पायलट आणि डॉक्टर गाडीत बसणं, यात नोंदींप्रमाणे सहा मिनिटं जात होती. रस्त्यासाठी उरली २४. सारणीत हीच मर्यादा.

पूर्ण सारणीत तालुक्यातली सगळी गावं आणि त्यांच्या वाड्या होत्या. इथे ती आठ जागांपुरती लहान करून सांगते. पेच तोच राहतो. वहीत आम्ही गावांना टोपणनावं दिली होती, तीच वापरते. तालुक्याचं गाव म्हणजे पेठ. महामार्गावरचा फाटा. आठवडी बाजाराचं गाव म्हणजे बाजार. डोंगराच्या मागचा माळ. ही चार गावं एका डोंगराभोवती गोल बसली आहेत. धरणाच्या दोन काठांवर अल्याड आणि पल्याड. पश्चिमेला घाटाचा पायथा, आणि त्याच्याही वर माथा.

माथा हे खरं तर वेगळं गाव नाही, पायथ्याच्याच ग्रामपंचायतीतली वाडी आहे. सरकारी यादीत दोन्ही मिळून एकच नाव, एकच बिंदू, आणि तो बिंदू खाली गावठाणात. वाडी तिथून १९ मिनिटं वर. आशाताईंनी हे लक्षात आणून दिलं आणि मी माथ्याची ओळ वेगळी केली. गावांचे बिंदू करताना वाड्या अशा बुडतात, आणि उत्तरात त्या आवाक्यात असल्यासारख्या दिसतात. पुढे या एका ओळीने बरंच काही ठरवलं.

रस्त्याची मिनिटं अशी होती. पेठ ते फाटा १८, फाटा ते बाजार २०, बाजार ते माळ २३, माळ ते पेठ २२. डोंगराच्या समोरासमोरच्या बाजू लांब: पेठ ते बाजार ३३, फाटा ते माळ ३७. पेठ ते अल्याड २१, पेठ ते पल्याड २६. अल्याड ते पल्याड, जे काठावरून बोटाने दाखवता येतं, ते पेठेवरून वळसा घालून ४७. पेठ ते पायथा २७, पेठ ते माथा ४१. बाकीच्या सगळ्या जोड्या २४च्या बऱ्याच पुढे.

गाडी कुठेही उभी करता येत नाही. कर्मचाऱ्यांना रात्री टेकायला खोली, पाणी, संडास आणि मोबाईलची रेंज लागते. या कसोटीवर पहिल्या यादीत सहा ठिकाणं बसली: पेठ, फाटा, बाजार, माळ, अल्याड आणि पायथा. ती घालून गणित चालवलं तर पडद्यावर एकच शब्द आला, `Infeasible`, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळणं अशक्य. सोडवणारा प्रोग्राम कुठलं गाव अडलंय ते सांगत नाही. ते आपण शोधायचं, आणि शोधणं सोपं आहे: सारणीतली प्रत्येक ओळ पाहायची आणि जिथे २४च्या आतलं एकही ठिकाण नाही ती ओळ पकडायची. पल्याड. पेठेहून २६ मिनिटं, दुसरं ठिकाण जवळ नाही, आणि पल्याडमध्ये गाडी ठेवायला जागा आम्ही धरलीच नव्हती. सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या इमारतीतली मागची खोली दाखवली, नळाची जोडणी करून द्यायचं कबूल केलं, आणि सातवं ठिकाण यादीत आलं.

इथून पुढे संगणकाआधी हाताने सोडवायचा माझा आग्रह असतो. मोठ्या सारणीतही बराच भाग हातानेच सुटतो, आणि बैठकीत "असं का?" विचारलं की उत्तर तयार असतं.

माथ्याच्या ओळीत २४च्या आत फक्त पायथा आहे. म्हणजे पायथा घ्यावाच लागतो, वाद नाही. पायथा घेतला की पायथा आणि माथा दोन्ही ओळी खोडायच्या. पल्याडच्या ओळीत फक्त पल्याड. तेही घेतलं, ओळ खोडली. उरल्या पाच ओळी: पेठ, फाटा, बाजार, माळ, अल्याड.

आता ठिकाणांची तुलना. अल्याडला गाडी ठेवली तर अल्याड आणि पेठ आवाक्यात येतात. पेठेला ठेवली तर पेठ, फाटा, माळ आणि अल्याड. अल्याड जे देतं ते सगळं पेठ देते आणि वर दोन गावं जास्त. मग अल्याड निवडण्याचं कारणच उरत नाही. तो स्तंभ खोडायचा. तो खोडल्यावर अल्याडच्या ओळीत एकटी पेठ राहते, म्हणून पेठ घ्यावीच लागते. पेठ घेतल्यावर शिल्लक राहतो फक्त बाजार, आणि तो फाटा, बाजार, माळ या तिघांपैकी कुणीही भागवतं. एकूण चार ठिकाणं: पायथा, पल्याड, पेठ आणि या तिघांतलं एक. यापेक्षा कमीत होणार नाही याचा पुरावा वरच्या चार पायऱ्यांतच आहे.

तेच संगणकात इतकं छोटं होतं. `t` मध्ये मिनिटांची सारणी, `S` म्हणजे २४:

```python
from pulp import *

N = {i: [j for j in stations if t[j][i] <= S]
     for i in places}
m = LpProblem("stations", LpMinimize)
x = LpVariable.dicts("x", stations, cat="Binary")
m += lpSum(x[j] for j in stations)
for i in places:
    m += lpSum(x[j] for j in N[i]) >= 1
m.solve()
```

उत्तर चार आलं. पण प्रोग्रामने चौथं ठिकाण म्हणून माळ दिला. मॅडमनी लगेच विचारलं, "माळच का? अपघात तर फाट्यावर होतात." कारण काहीच नव्हतं. मॉडेलला तिन्ही सारखे आहेत, त्याला पहिलं जे सापडलं ते त्याने सांगितलं. ही गोष्ट अहवाल वाचणाऱ्याला माहीत नसते. त्याला वाटतं गणिताने माळ निवडला. म्हणून एकच उत्तर कधी कागदावर ठेवू नये. तितक्याच संख्येची दुसरी उत्तरं काढून शेजारी मांडावी लागतात. ती काढायची रीत साधी आहे: मिळालेली चौकडी पुन्हा पूर्ण निवडता येणार नाही अशी अट घालायची, म्हणजे त्या चार हो-नाहींची बेरीज तीनपेक्षा जास्त नको, आणि परत चालवायचं. संख्या चारची पाच झाली की थांबायचं.

मग मी मर्यादाच हलवून पाहिली. २४ हा आकडा आमच्या सहा मिनिटांतून आलेला होता, काही दगडावर कोरलेला नव्हता. २० मिनिटांना पाच ठिकाणं लागतात, २१लाही पाचच. २२ला चार. २३, २४, २५ला चारच. २६ला एकदम तीन, कारण पल्याड पेठेच्या आवाक्यात येतं. मग ३३पर्यंत काही बदलत नाही. ३३ला पेठ बाजारही गाठते आणि दोन ठिकाणं पुरतात. ४१ला माथाही आला की एकटी पेठ. एका पानावर हा जिना काढला, आणि बैठकीत सगळ्यात जास्त वेळ त्या पानावर गेला.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली फुकटची. चार ठिकाणं घ्यायचीच असतील तर २४ कशाला, २२ मिनिटांत सगळी गावं गाठता येतात. फक्त चौथं ठिकाण माळ असून चालत नाही, कारण माळ ते बाजार २३ आहे. फाटा किंवा बाजार घ्यावं लागतं. प्रोग्रामने बेफिकिरीने दिलेला माळ इथेच गळाला.

दुसरी गोष्ट पैशाची होती, आणि तिच्यावरून वाद झाला. २४ची मर्यादा २६ केली तर पल्याडचं ठिकाण वाचतं. एक गाडी, तिच्यावरचे पायलट आणि डॉक्टर, तिन्ही पाळ्या. हे सगळं दोन मिनिटांसाठी. एक अधिकारी म्हणाले, "दोन मिनिटांनी काय होतं?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मॉडेलची कड धारदार असते: २४ मिनिटं ५९ सेकंदांना तुम्ही २४ लिहिलंत तर गाव सुरक्षित, २५ लिहिलंत तर बेवारस. प्रत्यक्षात आजार असा मिनिटाच्या रेषेवर बदलत नाही. पण तोच युक्तिवाद उलटाही चालतो. २६ मान्य केले की पल्याडचा माणूस कायम, दर वेळी, तालुक्यात सर्वांत उशिरा गाडी मिळणाऱ्यांतला होतो, आणि पेठेची गाडी आधीच बाहेर गेली असेल तर त्याच्यासाठी दुसरं काहीच नसतं.

मी तिसरा रस्ता सुचवला: रस्त्याची मिनिटं वाढवण्याऐवजी आधीची सहा कमी करता येतात का ते पाहू. पत्ता समजण्यात जाणारा वेळ सर्वांत मोठा होता. वाड्यांची नावं, त्यांच्या खुणा आणि तिथल्या आशाताईंचे नंबर अशी यादी गाडीत ठेवली, तर सहाची चार होऊ शकत होती. मग रस्त्यासाठी २६ उरतात, ३० मिनिटांचं वचन मोडत नाही आणि तीन ठिकाणं पुरतात. कागदावर हे चोख बसलं. मॅडमनी मात्र पावसाळा आठवून दिला.

पावसाळ्याची सारणी वेगळी करावी लागते. महामार्गाच्या बाजूला जूनमध्ये फार फरक पडत नाही. धरणाच्या बाजूला पडतो: ओढ्यांवरच्या मोऱ्यांवरून पाणी जातं, दरडीची माती रस्त्यावर येते. पेठ ते अल्याड २१ची २७ झाली आणि पेठ ते पल्याड ३५. म्हणजे पावसाळ्यात पल्याडला तिथलीच गाडी हवी, वादाचा प्रश्न मिटला. आणि २४च्या मर्यादेला, अगदी २६लाही, अल्याडलाही स्वतःची गाडी हवी.

या पावसाळी सारणीत एक गंमत लपलेली होती. पायथा, पल्याड आणि अल्याड घेतल्यावर उरतात डोंगराभोवतीची चार गावं. प्रत्येक ठिकाण स्वतःला आणि दोन्ही शेजाऱ्यांना गाठतं, समोरच्याला नाही. इथे ओळी-स्तंभ खोडण्याची युक्ती थांबते. कुणीच कुणाहून सरस नाही. हो-नाहीची अट सैल करून अपूर्णांकाला परवानगी दिली, तर गणित म्हणतं चारही ठिकाणी एक-एक तृतीयांश रुग्णवाहिका ठेवा. प्रत्येक गावाला तीन तृतीयांश मिळून पूर्ण एक मिळते, आणि एकूण खर्च फक्त एक पूर्णांक एक तृतीयांश. जवळच्या पूर्णांकात बदलायला गेलात तर चारही शून्य होतात आणि पेठच उघडी पडते. सगळे वर ढकललेत तर चार गाड्या होतात. खरं उत्तर दोन आहे. १९७१च्या त्या लेखात यावरचा उपाय दिला आहे: एकूण आकडा चार पूर्णांक एक तृतीयांश आला म्हणजे पाचापेक्षा कमीत होणार नाही हे सिद्धच झालं, तेव्हा बेरीज किमान पाच अशी एक अट वाढवा आणि पुन्हा सोडवा. आता `Binary` लिहिलं की प्रोग्राम आतून ही कामं करून घेतो. पण कुणी स्प्रेडशीटमध्ये सैल रूप सोडवून "राउंड" केलेलं उत्तर पुढे आणलं, तर प्रत्येक ओळ हाताने तपासावी. मी तसं एकदा पाहिलं आहे आणि त्यात एक अख्खं गाव गायब होतं.

मॉडेल एक गोष्ट मुळीच पाहत नाही: गाडी बाहेर असते. निवडलेल्या ठिकाणी गाडी नेहमी उभी आहे असं ते धरून चालतं. पेठेच्या गाडीला दिवसाला चार फोन आले आणि प्रत्येकात रुग्णाला पोचवून परत यायला दीड तास लागला, तर सहा तास ती जागेवर नाही. दिवसाचा चौथा भाग. तेवढा वेळ अल्याड उघडं. दोन गाड्यांच्या आवाक्यात असलेल्या गावाचं तसं होत नाही. दोन्ही पाव-पाव वेळ बाहेर असतील तर दोन्ही एकदम बाहेर असण्याची वेळ साधारण सोळावा भाग, तीही फोन एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरल्यास. महामार्गावर मोठा अपघात झाला की ते धरणं खोटं पडतं, दोन्ही गाड्या तिकडेच जातात.

म्हणून चौथ्या ठिकाणाची निवड आम्ही या कसोटीवर केली. ठिकाणांची संख्या किमान ठेवायची, आणि तेवढ्यात जास्तीत जास्त गावं दोनदा आवाक्यात येतील ते पाहायचं. डास्किन आणि स्टर्न यांनी १९८१मध्ये हीच उतरंड मांडली होती. गावं नुसती मोजली तर फाटा आणि बाजार बरोबरीत सुटतात. फाटा घेतला तर पेठ आणि फाटा दुहेरी होतात, बाजार घेतला तर फाटा आणि माळ. फोनच्या नोंदींनी वजन दिलं तर पेठ-फाटा जोडी खूपच पुढे. फाटा ठरला. मॅडमचा पहिल्या दिवशीचा अंदाज तोच होता हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

शेवटी कागदावर गेलं ते असं: पेठ, फाटा, पायथा आणि पल्याड इथे बाराही महिने, आणि जून ते सप्टेंबर अल्याडला एक जास्तीची गाडी, शेजारच्या तालुक्याकडून मागून. पल्याडची खोली आधी तयार करायची, कारण नळ नसेल तर कर्मचारी तिथे थांबणार नाहीत आणि सारणीतला तो शून्य मिनिटांचा चौकोन खोटा ठरेल. सोबत एक छोटी सूचना जोडली: दर महिन्याला नोंदवहीतून गावनिहाय वेळा काढायच्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि दहातल्या नऊ फेऱ्यांची वेळ सारणीतल्या आकड्याच्या पुढे गेली की तो आकडा बदलून गणित पुन्हा चालवायचं. पहिला बदल पायथा ते माथा या ओळीत करावा लागेल असं मी समासात लिहून ठेवलं आहे. १९चे २५ झाले तर माथ्याच्या ओळीत काहीच उरत नाही, पडद्यावर पुन्हा `Infeasible` येईल, आणि माथ्यावर पंचायतीची एकही खोली नाही.